एकतर्फी हुकूमनामा आणि गैरहजेरीचा दिवस

दिवाणी न्यायालयात एखाद्या दाव्याचा निकाल एकतर्फी झाला, म्हणजे प्रतिवादीपाशी बोलायला काही नव्हते, असे लोक धरून चालतात. आणि हा समज प्रतिवादीच्या मनालाही इतका लागलेला असतो की, पुढे तो हुकूमनामा रद्द करून मागण्यासाठी अर्ज घेऊन येतो तेव्हा आपण कर्ज घेतलेच नव्हते, घेतले असल्यास फेडले होते, वादी मूळचाच लबाड आहे, याच गोष्टी पानेच्या पाने लिहून आणतो. वस्तुतः त्या टप्प्यावर न्यायाधीशापुढे असलेला प्रश्न याहून पुष्कळ लहान असतो. अमुक तारखेला दावा पुकारला गेला त्या वेळी हा मनुष्य न्यायालयात का नव्हता, एवढेच त्याला ठरवावयाचे असते. या प्रकारचे अर्ज फेटाळले जातात त्यांपैकी पुष्कळांचे मूळ, माझ्या मते, अर्जदाराच्या बेपर्वाईपेक्षा अर्जाच्या मसुद्यात असते. कारण ज्या एका दिवसाचा हिशेब द्यावयाचा, तो दिवस सोडून बाकी सगळ्या आयुष्याचा हिशेब त्यात दिलेला आढळतो.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या आदेश ९ मधील नियम १३ प्रतिवादीला दोन स्वतंत्र कारणांवर हुकूमनामा रद्द करून मागू देतो. समन्सची बजावणी रीतसर झाली नव्हती, हे पहिले. आणि दावा सुनावणीस निघाला तेव्हा हजर राहण्यास पुरेशा कारणामुळे आपणास प्रतिबंध झाला, हे दुसरे. यांपैकी एक सिद्ध झाले तरी पुरते. पहिले सिद्ध झाल्यावर ‘पुरेसे कारण’ दाखविण्याची गरज उरत नाही, कारण ज्याला बोलावलेच नाही त्याने का आला नाहीस याचे उत्तर देण्याचे प्रयोजन नाही. तरीही व्यवहारात दोन्ही कारणे एकाच परिच्छेदात कालवली जातात: समन्स मिळाले नाही, आणि शिवाय त्या दिवशी मी आजारी होतो. ज्याला तारीखच ठाऊक नव्हती त्याचा त्या तारखेचा आजार कसला, हा प्रश्न उलटतपासात वादीचा वकील विचारतो आणि चांगला चाललेला अर्ज तेथे ढासळतो.

पहिल्या कारणाचा विचार उदाहरणाने करणे बरे. समजा, कराड तालुक्यातल्या एका गावचा मनुष्य वीस वर्षे भांडुपला बिऱ्हाड करून आहे. गावी वडिलार्जित घर आहे, ते गणपतीला आणि शिमग्याला उघडते. हातउसने दिलेल्या तीन लाख रुपयांसाठी गावातल्याच एकाने कराडच्या दिवाणी न्यायालयात त्याच्यावर दावा लावला आणि दाव्यात पत्ता दिला तो गावचा. बेलिफ ४ जूनला गावी गेला, घराला कुलूप दिसले, समन्सची प्रत दारावर चिकटवली आणि ‘प्रतिवादी मिळून येत नाही, सबब दारास चिकटविले’ असा अहवाल दिला. १० जुलैच्या तारखेला प्रतिवादी पुकारूनही हजर नाही, सबब दावा एकतर्फी चालवावा, असे रोजनाम्यात आले. वादीने शपथपत्रावर पुरावा दिला. आणि पुढल्या वर्षी १८ नोव्हेंबरला हुकूमनामा झाला. वादीने दरखास्त दाखल केली. त्यानंतरच्या ६ मार्चला बेलिफ जप्तीचे वॉरंट घेऊन घरापाशी आला, तेव्हा शेजाऱ्याने भांडुपला फोन केला.

या अर्जाचा अर्धा निकाल बेलिफाच्या त्या एका ओळीच्या अहवालात असतो, आणि म्हणून जाणता वकील पक्षकाराची कहाणी पुरी ऐकून घेण्यापूर्वी दप्तरातून तो अहवाल काढून पाहतो. दारावर समन्स चिकटविण्याचा अधिकार आदेश ५ नियम १७ देतो खरा, पण तो अटींनी बांधलेला आहे. पक्षकाराने स्वीकारण्यास नकार दिला असेल तर गोष्ट वेगळी. तो घरी नाही म्हणून चिकटवावयाचे असेल, तर बेलिफाने वाजवी खटपट करून त्याचा शोध घेतलेला असावा, वाजवी काळात तो घरी मिळण्याचा संभव नसावा, आणि त्याच्या वतीने समन्स घेणारा दुसरा कोणी उपलब्ध नसावा. शिवाय कोणत्या परिस्थितीत चिकटविले, घर कोणी दाखविले आणि कोणासमक्ष चिकटविले, हे नावपत्त्यासह अहवालात यावे लागते. ‘मिळून येत नाही’ या तीन शब्दांत यांपैकी काहीच नाही. शेजारी विचारले काय, तो मुंबईस असतो हे कळले काय, कधी येतो हे विचारले काय, पंच कोण होते, याची उत्तरे अहवालात नसली तर नंतर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बेलिफाच्या तोंडून ती क्वचितच समाधानकारक निघतात, कारण दोन वर्षांपूर्वीचे ते कुलूप त्याला आठवत नसते.

यापुढची पायरी बेलिफाची नसून न्यायालयाची आहे, आणि तीच बहुधा गाळली जाते. चिकटविलेले समन्स परत आले म्हणजे बेलिफाचा अहवाल शपथेवर नसल्यास न्यायालयाने त्याला शपथेवर तपासावे, आणि चौकशीअंती समन्स रीतसर बजावले गेले असे जाहीर करावे किंवा दुसरी योग्य तजवीज करावी, असे नियम १९ सांगतो. कामाच्या रेट्यात हे ठरविण्याऐवजी रोजनाम्यात ‘समन्स बजावले’ असा शिक्का पडतो आणि प्रकरण पुढे सरकते. आपल्या उदाहरणात आणखी एक गोष्ट निघते. दाव्यापूर्वी वादीने वकिलामार्फत रजिस्टर नोटीस पाठविली होती, आणि तिची पोचपावती त्याने स्वतःच कागदांच्या यादीसोबत दाखल केली आहे. त्या पावतीवर पत्ता भांडुपचा आहे. नोटिशीला भांडुप ठाऊक होते आणि समन्सला ते ठाऊक नव्हते, याचा खुलासा वादीला करता आला नाही, तर शिधापत्रिका, विजेचे बिल आणि कारखान्याचे पत्र यांचा ढीग लावूनही जे साधणार नाही ते या एका पावतीने साधते.

आता हीच कथा किंचित बदलून पाहू. घराला कुलूप नव्हते. तेथे धाकटा भाऊ राहतो आणि त्याने समन्स घेऊन सही दिली. प्रतिवादी घरी नसता त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीवर बजावणी होऊ शकते, पण ‘सोबत राहणारी’ ही अट महत्त्वाची आहे. कराडचा भाऊ भांडुपच्या भावासोबत राहतो असे म्हणता येत नाही. येथवर बजावणी सदोषच ठरते. परंतु १९७६ च्या दुरुस्तीने, जी १ फेब्रुवारी १९७७ पासून अमलात आली, नियम १३ ला एक परंतुक जोडले आहे: प्रतिवादीला सुनावणीच्या तारखेची माहिती होती आणि हजर होऊन उत्तर देण्यास पुरेसा अवधी होता, अशी न्यायालयाची खात्री झाल्यास केवळ बजावणीतील अनियमिततेवर हुकूमनामा रद्द करू नये. समन्स माझ्या हाती पडले नाही एवढ्या सबबीवर, सर्व काही ठाऊक असून स्वस्थ बसलेल्या प्रतिवादीला लाभ मिळू नये, हा तिचा हेतू उघड आहे. म्हणून भावाने फोनवर काय सांगितले हे आता निर्णायक ठरते. ‘कोर्टाचा कागद आला आहे, येऊन बघ’ एवढेच सांगितले असेल, तर दावा असल्याची कुणकुण लागली, पण तारीख कळली असे होत नाही. आणि दावा प्रलंबित असल्याचे ज्ञान म्हणजे तारखेचे ज्ञान नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले आहे. उलट भावाने समन्सचा फोटो पाठविला असेल, आणि त्यावर १० जुलै ही तारीख ठळक दिसत असेल, तर समन्स कोणत्या हाताने घेतले याची चर्चा निष्फळ होय.

नकाराची गोष्ट याहून कडक आहे. योग्य पत्त्यावर रजिस्टर टपालाने गेलेला लिफाफा ‘घेण्यास नकार’ या शेऱ्यानिशी परतला, तर बजावणी झाली असे अनुमान कायदा करतो. ते खोडून काढण्याचा भार प्रतिवादीवर असतो आणि ‘पोस्टमन माझ्याकडे आलाच नाही’ असे नुसते शपथेवर म्हटल्याने तो उतरत नाही. घटस्फोटाच्या एका एकतर्फी हुकूमनाम्यात, नकाराचा शेरा, दारावरची प्रत आणि वर्तमानपत्रातली जाहिरात इतके सगळे असताना, कित्येक वर्षांनी आलेला पत्नीचा अर्ज उच्च न्यायालयाने मंजूर केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली तो निर्णय फिरविला. पुरेसे कारण म्हणजे काय हे सांगताना न्यायालयाने तेथे जी कसोटी लावली, तिचा आशय असा की, त्या दिवशी हजर राहण्याचा प्रतिवादीचा प्रामाणिक इरादा होता काय आणि त्यासाठी त्याने आपल्याकडून होईल तेवढे केले होते काय, हे पाहावे.

येथून आपण दुसऱ्या कारणाकडे आलो, आणि खरा वाद बहुधा याच जागी होतो. पुन्हा तोच प्रतिवादी घेऊ, पण यावेळी समन्स भांडुपला रीतसर मिळाले आहे. त्याने वकीलपत्र दिले, कैफियत दाखल केली, मग चार वेळा मुदती मागितल्या. आणि वादीच्या उलटतपासाकरिता नेमलेल्या १२ ऑगस्टला तोही नाही, वकीलही नाही. अर्जात तो सांगतो की, डेंग्यूने ९ ते १४ ऑगस्ट रुग्णालयात होतो, आणि वकील त्या वेळी साताऱ्यास सत्र न्यायालयात अडकले होते. न्यायाधीशाची पहिली प्रवृत्ती रोजनामा मागे चाळून पाहण्याची असते, आणि त्या चार मुदती पाहून हा इसम दावा लांबवीत आहे असे मत बनण्यास वेळ लागत नाही. परंतु ज्या दिवसाच्या गैरहजेरीमुळे दावा एकतर्फी झाला त्या दिवसाचेच कारण तपासावे, त्याआधीच्या वर्तनापर्यंत ते ताणू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निर्णय आहे. आधीच्या मुदती न्यायालयानेच दिल्या होत्या. त्या देताना जी ढिलाई खपली तिची वसुली नंतर हुकूमनाम्याच्या रूपाने करणे बरे नव्हे. पुराव्याच्या दृष्टीने मात्र येथे सैलपणा चालत नाही. ‘विश्रांतीची आवश्यकता’ असे लिहिलेले मागाहूनचे वैद्यकीय प्रमाणपत्र न्यायाधीशाला पाहून पाहून पाठ झालेले असते. दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची तारीख असलेले रुग्णालयाचे कागद आणि त्याच तारखांचे बिल यांना वजन असते. वकिलाच्या गैरहजेरीबद्दल वकिलाचे स्वतःचे शपथपत्र असावे. पक्षकाराने वकील नेमला, फी दिली, सूचना दिल्या, मग वकिलाच्या चुकीचे शासन त्याला होऊ नये, हे १९८१ च्या एका निर्णयापासून वारंवार म्हटले गेले आहे. पण वर्षभर वकिलाला एक फोनही न करणाऱ्याला त्या औदार्यात जागा मिळेलच असे नाही.

तथापि १२ ऑगस्टचे समाधान झाले तरी चाणाक्ष न्यायाधीश एक प्रश्न आणखी विचारतो: १४ ला घरी आलास, हुकूमनामा तर नोव्हेंबरात झाला, मधल्या तीन महिन्यांत काय केलेस? या प्रश्नामागे नियम ७ आहे. त्याअन्वये दावा एकतर्फी चालविण्याचा हुकूम झाल्यावरही प्रतिवादी पुढच्या तारखेस येऊन आपल्या गैरहजेरीचे कारण दाखवू शकतो, आणि ते पटल्यास जणू तो त्या दिवशी हजरच होता अशा रीतीने त्याला जागेवर आणले जाते. कारण न पटले तरी तो न्यायालयाबाहेर फेकला जात नाही, हे १९५५ च्या संग्रामसिंह प्रकरणात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी मोठ्या तळमळीने सांगितले. एकतर्फी चालविण्याचा हुकूम त्या त्या दिवसापुरता असतो, पुढच्या तारखेस आलेल्या प्रतिवादीला झाले तेवढे मागे फिरविता आले नाही तरी तेथून पुढच्या कामात भाग घेता येतो, हे त्यातील सार. खेड्यापाड्यांत आजही ‘एकतर्फी झाले, आता काही करता येत नाही’ असे सांगून पक्षकाराला घरी पाठविले जाते, आणि मग हुकूमनाम्यानंतर नियम १३ चा खटाटोप होतो. नियम ७ चा अर्ज पूर्वी फेटाळला गेला असला तरी नियम १३ चा मार्ग त्यामुळे बंद होत नाही, हे १९६४ साली ठरले आहे. परंतु पुराव्याचा बराच भाग नोंदला गेल्यावर गैरहजर राहणाऱ्या पक्षाच्या बाबतीत आदेश १७ नियम २ चे स्पष्टीकरण न्यायालयाला तो पक्ष हजर असल्याप्रमाणे दावा चालविण्याची मुभा देते, आणि तशा रीतीने गुणदोषांवर झालेला हुकूमनामा एकतर्फी म्हणून रद्द करून मागता येत नाही; त्यावर अपीलच करावे लागते. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी निकालपत्र नेमके कोणत्या तरतुदीखाली उतरले आहे ते पाहणे इष्ट.

मुदतीच्या बाबतीत कायदा कठोर आहे आणि उदारही. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद १२३ प्रमाणे अर्ज हुकूमनाम्यापासून तीस दिवसांत यावा. मात्र समन्स रीतसर बजावले नसेल तर तीस दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजावे. वर्तमानपत्रातील जाहिरात वगैरे पर्यायी मार्गाने झालेली बजावणी या कामापुरती रीतसर धरली जात नाही, हे त्याच अनुच्छेदात सांगितले आहे. आता ‘कळणे’ म्हणजे किती कळणे? कोठेतरी आपल्यावर काही हुकूमनामा झाला आहे असे ऐकणे म्हणजे ज्ञान नव्हे. जो रद्द करून मागावयाचा तोच हुकूमनामा झाला असल्याची स्पष्ट जाणीव हवी, असे न्यायमूर्ती दावर यांनी मुंबईस १९०९ च्या सुमारास म्हटले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली तीच दृष्टी स्वीकारली. लोकमान्यांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे ते हेच दावर. मराठी वाचकाला त्यांचे नाव आठवते ते त्या निकालासाठी, पण दिवाणी वकिलांना ते अधूनमधून असेही भेटतात. आपल्या भांडुपच्या गृहस्थाला ६ मार्चला फोन आला तेव्हा कोणत्या दाव्याचा हुकूमनामा हे शेजाऱ्याला ठाऊक नव्हते. वकिलाने ११ मार्चला दप्तर पाहिले तेव्हा ते उलगडले. ११ तारखेपासून तीस दिवस मोजता येतील असा वाद करणे शक्य आहे. पण शहाणा वकील ६ मार्चपासून मोजून ५ एप्रिलच्या आत अर्ज देतो आणि तो वाद गरज पडल्यास वापरण्यासाठी बाजूला ठेवतो. मुदत उलटलीच असेल तर विलंब माफीचा अर्ज कलम ५ खाली सोबत द्यावा लागतो, आणि त्यात उशिराचे कारण द्यावयाचे असते, गैरहजेरीचे नव्हे. दोहोंसाठी एकच मजकूर उतरवून काढणे हा आणखी एक नित्याचा दोष होय.

बचाव किती सबळ आहे हे या अर्जात दाखवावे लागत नाही, असे आरंभी सूचित केले, त्याला एक मोठा अपवाद आहे. धनादेश, वचनचिठ्ठी यांवरचा संक्षिप्त दावा आदेश ३७ खाली लावलेला असेल, तर तेथला हुकूमनामा रद्द करण्यास नियम ४ मधील विशेष परिस्थिती लागते. आणि केवळ हजर राहता आले नाही हे पटवून भागत नाही, बचाव करण्याची परवानगी मिळावी असे काय आहे तेही सोबतच दाखवावे लागते, हे २००३ साली स्पष्ट झाले आहे. आदेश ९ खालच्या अर्जदाराला या अपवादाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

अर्ज आणि अपील हे दोन्ही मार्ग एकाच वेळी खुले असतात, पण त्यांचा क्रम चुकला तर नुकसान होते. कलम ९६ (२) एकतर्फी हुकूमनाम्यावर अपील देते. मात्र ते अपील मागे घेण्याव्यतिरिक्त अन्य कोणत्याही कारणाने निकालात निघाले, तर नियम १३ चा अर्ज चालत नाही, असे त्या नियमाचे स्पष्टीकरण सांगते. उलट अर्ज फेटाळला गेला आणि तो हुकूम कायम झाला, तरी गुणदोषांवरचे अपील राहते. फक्त गैरहजेरीला पुरेसे कारण होते हा मुद्दा तेथे पुन्हा काढता येत नाही. म्हणून ज्याचे गाऱ्हाणे न्यायालयाने पुरावा नीट तोलला नाही एवढेच आहे त्याने अपिलात जावे, आणि ज्याला स्वतःचा पुरावा द्यावयाचा आहे त्याने अर्जाचा निकाल आधी लावून घ्यावा.

अर्ज मंजूर झाला म्हणजे प्रतिवादी कोठे उभा राहतो, याविषयी पक्षकारांच्या अपेक्षा फार वाढलेल्या असतात. प्रथमतः मंजुरी बहुधा अटींवर येते: वादीचा खर्च, क्वचित काही रक्कम न्यायालयात भरणे. अट घालण्याचा अधिकार नियमातच आहे, पण तीन लाखांच्या दाव्यात तीन लाख आधी भरा म्हणणे, म्हणजे मजुरी करणाऱ्याला एका हाताने दार उघडून दुसऱ्याने लावून घेणे होय. त्यानंतर दावा पुन्हा सुरू होतो, तो आरंभापासून नव्हे, जेथे तुटला तेथून. ज्याने समन्स मिळूनही कैफियतच दिली नव्हती त्याला हुकूमनामा रद्द झाल्याने कैफियत देण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. तो वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी करू शकतो, युक्तिवाद करू शकतो, पण नवा बचाव मांडू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले आहे. ज्याच्यावर बजावणीच झाली नव्हती त्याची गोष्ट, मला वाटते, निराळी धरली पाहिजे, कारण कैफियतीची मुदत समन्सच्या बजावणीपासून चालते, आणि जी सुरूच झाली नाही ती संपली असे म्हणता येणार नाही. अर्जाच्या मागणीतच कैफियत घेण्याची परवानगी स्पष्टपणे मागून ठेवावी, म्हणजे पुढे यावर वाद माजत नाही.

राहता राहिली दरखास्त. नियम १३ चा अर्ज दिल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी आपोआप थांबत नाही; स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, आणि तो पहिल्याच दिवशी द्यावा. हुकूमनामा रद्द झाला म्हणजे त्याखाली वादीने जे घेतले ते कलम १४४ प्रमाणे परत करावे लागते, आणि वादीनेच लिलावात घर घेतले असेल तर तेही सुटते. पण लिलावात बोली लावणारा तिऱ्हाईत असेल, त्याने चांगल्या भावनेने पैसे मोजले असतील, तर मागाहून हुकूमनामा रद्द झाला तरी त्याची खरेदी कायम राहते. अशा प्रसंगी भांडुपच्या गृहस्थाला वादीकडून लिलावाचा पैसा मागता येईल. गावचे घर मात्र त्या तिऱ्हाइताचे होऊन गेलेले असेल.